दुसऱ्या फेरीतली खूण

भुताखेतांच्या गोष्टी मी हसून सोडून देते. सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला कारण असतं असंच मानते. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

दुष्काळाची वर्षं होती. पडेगावात आमच्या नव्या कॉलनीला नळ आलेले नव्हते, रविवारी दुपारी टँकरची वाट बघायची. अशाच एका दुपारी मी ताईचा व्हिडिओ गेम लावला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, त्याच्या वर्षभर आधी आजारपणात गेलेली. तिनं तो गेम माझ्यासमोर एकदाच पूर्ण केला होता. त्यात एक तहानलेली म्हातारी मरते. ताई तेव्हा म्हणाली होती, "माझ्यामुळं मेली गं. घाई केली मी."

तिच्या पूर्ण झालेल्या सेव्हवरून, म्हणजे कन्सोलवर साठवलेल्या तिच्या खेळावरून, मी 'न्यू गेम प्लस' म्हणजे दुसरी फेरी सुरू केली. गोष्ट पहिल्यापासून, पण ताईची लेव्हल, तलवारी, नकाशावर तिनं नावं देऊन ठेवलेल्या खुणा, सगळं तसंच. फक्त किल्ल्या आणि गोष्टीतल्या वस्तू परत मिळवायच्या, नाहीतर कथाच कोलमडेल. शत्रूही त्या मानानं तगडे. आणि पहिल्या फेरीत नसलेली एक दरी उघडते.

त्या दरीच्या तोंडाशी एक खूण होती. नाव इंग्रजी अक्षरांत — 'चिमे थांब'.

मला चिमी फक्त ताईच म्हणायची.

सोबतचं पात्र 'गावात चल' म्हणत राहिलं. मी थांबले. गेममधली संध्याकाळ झाली तसा एक धनगर आला, त्यानं झरा दाखवला. म्हातारीला पाणी मिळालं, ती जगली. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून कितीतरी वेळ रडत होते. टँकर येऊन गेला, कळलंसुद्धा नाही.

सोमवारी ऑफिसातल्या इम्रानला घरी आणलं. गेममधलं त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, "ताईंनी गुपचूप दुसरी फेरी खेळली असंल."

"मग बघ ना."

त्यानं बघितलं. दुसऱ्या फेरीच्या सेव्हपुढं अधिकचं चिन्ह येतं. माझ्या एका सेव्हशिवाय कुठंच नव्हतं. दरीत पहिल्यांदा शिरताच मिळणारी ट्रॉफी, म्हणजे कन्सोलवर नोंदलं जाणारं बक्षीस, सेव्ह पुसला तरी राहते, तिच्यावर तारीख माझ्या रविवारची. कन्सोल कधी इंटरनेटला जोडलेलाच नव्हता, म्हणजे बाहेरून कुणी खूण टाकली असंही नाही.

मग त्यानं ताईचा जुना सेव्ह उघडला. दरीच्या जागी सलग डोंगर, कर्सर तिथं जातच नाही, म्हणजे खूण ठेवताच येत नाही. नकाशावर खुणा अकरा. यादीत मात्र लिहिलेलं — एकूण बारा.

इम्राननं खुणा पुन्हा एकदा मोजल्या. "हे नाय समजलं मला," एवढंच म्हणाला.

मलाही आजपर्यंत समजलेलं नाही. मी गेम संपवलाय. तिसरी फेरी सुरू करता येते, त्यातही खुणा पुढं जातात... दोनदा त्या बटणापर्यंत गेले. नवी खूण दिसली तर काय, यापेक्षा दिसली नाही तर काय, याचीच भीती जास्त वाटते.