टलाटोच्या हातचं बी

धरणाखालच्या मळ्यांत टलाटोचं बी कुणी मागितलं नाही असा हंगाम जात नसे. पाऊस संपला की बायका तिच्या अंगणात यायच्या, कुणी शेंगदाणे घेऊन, कुणी नुसतीच गप्पा घेऊन, आणि जाताना पदराच्या गाठीत चिमूटभर बी न्यायच्या. टलाटो कुणाला नाही म्हणत नसे. फक्त एवढंच सांगायची, "चुलीजवळ ठेवू नकोस, आणि उंदरांना दाखवू नकोस."

ती नोआगाची पहिली बायको. तिला मूल झालं नाही. दुसरी टिपोको आली, तिला चार झाली. त्यातली थोरली अझेता रांगायला लागल्यापासून टलाटोच्याच झोपडीत वाढली. टिपोकोच्या मांडीवर तेव्हा दुसरं होतं, आणि टलाटोची मांडी रिकामी होती. कुणी ठरवून केलं नाही, झालं. पोरगी टिपोकोला आई म्हणायची आणि टलाटोला मोठ्याई.

बियांचं सगळं तिला मोठ्याईनंच शिकवलं. ज्या झाडाला रोग नाही आणि फळ भरून धरतं, त्याच झाडाच्या फांदीला चिंधी बांधायची, म्हणजे तोडणारीचा हात तिथं जात नाही. भेंडीची शेंग झाडावरच वाळू द्यायची. करडी पडून शिरांवर तडकली, कानाशी खुळखुळली, की मगच काढायची. मिरची लाल होऊन सुरकुतेपर्यंत ठेवायची आणि सावलीत वाळवायची. तिखट आणि गोडी मिरची शेजारी लावून बी धरलं तर पुढच्या साली कुठल्या झाडाला काय येईल सांगता येत नाही.

टोमॅटोचं काम सगळ्यात नाजूक. पिकून मऊ झालेली फळं चिरून गर मडक्यात पिळायचा, वर फडकं टाकून सावलीत ठेवायचा. आंबला की वर पांढरी साय धरते आणि वास नाकात जातो. बियांभोवतीचा बुळबुळीत पदर त्यात सुटून जातो. मग भरपूर पाण्यात घोळायचं. भरीव बी तळाला बसतं, पोकळ वर तरंगतं, ते ओतून द्यायचं. उरलेलं परातीत पसरून सावलीत वाळवायचं, अधूनमधून बोटांनी मोकळं करत राहायचं.

"आणि मडकं विसरायचं नाही," टलाटो म्हणायची. "आंबायला उशीर झाला तर बी पाण्यातच डोळा उघडतं. मग वाळवलं की मेलं."

अझेताचं लग्न ठरलं तो उन्हाळा कडक होता. लग्नाआधी थोडे दिवस दोघी सवतींचं पाण्याच्या वाफ्यावरून भांडण झालं. वरच्या अंगाचा, पाटाला लागून असलेला वाफा टलाटोचा. टिपोकोला तो हवा होता. नोआगा बाजरीची दारू पिऊन भिंतीला टेकून बसला होता, म्हणाला, "तुम्ही तुमचं बघा."

टिपोकोनं तोंड सोडलं. शेजारच्या मळ्यातल्या बायका ऐकत होत्या.

"जगाला बी वाटते ही! आणि स्वतःच्या पोटात एक रुजलं नाही!"

एक बाई हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. टलाटोनं पाण्याची डबडी उचलली आणि घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी उठली नाही. अझेता तेव्हा आत्याकडे गेली होती, नाहीतर तिनं बघितलं असतं. कोपऱ्यात टोमॅटोच्या गराचं मडकं होतं. टलाटोला ते आठवत होतं. उठावंसं वाटलं नाही.

ती उठली तेव्हा उशीर झाला होता. पाण्यात बोट घातलं, तर बियांना पांढरी, सुईच्या टोकाएवढी मुळं फुटलेली. उकिरड्यावर टाकायच्या लायकीचं बी. पण हाताला सवय होती. तिनं धुतलं आणि परातीत पसरलं. उन्हाच्या झळेत मुळं करपून बारीक धाग्यासारखी झाली आणि बियांना चिकटली. न जाणत्या नजरेला काही कळलं नसतं.

तिसऱ्या प्रहरी टिपोको दारात आली, जणू काही झालंच नव्हतं.

"अक्का, थोडं बी दे ना. भेंडी, मिरची आणि टोमॅटो. टोमॅटो जरा जास्त दे."

"आहे की," टलाटो म्हणाली.

भेंडीचं आणि मिरचीचं बी तिनं राख घातलेल्या, बी साठवायच्या वाळक्या भोपळ्यातून चांगलंच काढून दिलं. टोमॅटोचं परातीतलं दिलं, ओंजळभर. टिपोकोनं ते फडक्यात बांधलं. "अक्का, तुझ्या हाताला तोड नाही," म्हणाली. टलाटो हसली. टिपोकोच्या वाफ्यात टोमॅटोचा एक कोंब उगवणार नाही, बायका बघतील, आणि मग विचारू कुणाचं रुजत नाही ते. या विचारावर ती त्या दिवशी पोटभर जेवली.

ते फडकं अझेताच्या बोचक्यात गेलं. टिपोकोनं लेकीसाठीच मागितलं होतं. टलाटोला हे कळलं तेव्हा वऱ्हाड अझेताच्या सासरगावी, बिस्सिरीच्या वाटेला लागून गेलं होतं.

"सांगितलं का नाहीस?" तिनं टिपोकोला विचारलं.

"त्यात काय सांगायचं? तिच्या नावानं मागितलं असतं तर तू रडत बसली असतीस."

पेरणीला अजून पाऊसकाळ आडवा होता. बिस्सिरीला जायला गाडी मिळत होती, जाणारी माणसं मिळत होती. चांगलं बी पाठवता आलं असतं. पण काय म्हणून पाठवायचं? पहिलं का टाकून द्यायचं? टलाटो रोज उद्यावर ढकलत राहिली. मग पाऊस आला, मग गेला.

थंडीचे वारे सुटले तेव्हा अझेता माहेरी आली, पोट दिसायला लागलेलं. टिपोको आधी हरखली आणि मग ऐकून भडकली. बिस्सिरीला सासूनं सगळ्या आळीला बोलावून सुनेनं आणलेलं बी स्वतःच्या हातानं पेरलं होतं. टलाटोच्या हातचं म्हणून चार घरांना वाटलंही होतं. भेंडी जोमानं आली होती, मिरचीची रोपं तरारली होती, पण टोमॅटोचा एक कोंब वर आला नाही. हंगाम गेला. सासू तिला म्हणाली, माहेरच्या बियानं आमचं हसं केलंस.

"चुलीजवळ ठेवलं असशील!" टिपोको ओरडली. "इतकं शिकवलं अक्कानं, तरी बेफिकीर ती बेफिकीरच! सांग ना ग अक्का हिला!"

टलाटो भेंडी चिरत होती. चिरतच राहिली.

"हो आई, चुलीजवळच ठेवलं होतं," अझेता म्हणाली.

टिपोको पाण्याला गेल्यावर अझेता टलाटोसमोर बसली. कमरेची गाठ सोडून तिनं उरलेलं चिमूटभर बी जमिनीवर ठेवलं. धागे स्पष्ट दिसत होते.

"सासूनं पेरल्यावर हे फडक्यात राहिलं होतं. तेव्हा बघितलं मी."

टलाटोला तोंड वर करवेना.

"आईला कळलं नाही. मला कळणार हे तुला माहीत होतं ना, मोठ्याई?"

"तुझ्यासाठी नव्हतं ग ते," टलाटो म्हणाली.

"माहीत आहे. आईसाठी होतं," अझेता म्हणाली. "माझी आईच आहे ती."

टलाटो उठली. आतून दोन भोपळे आणले, या सालचं सगळ्यात चांगलं बी. दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. "हे ने. सासूला सांग, मोठ्याईनं मुद्दाम पाठवलं."

"तिथं कुणी पेरणार नाही."

"तू पेर."

"मीही नाही," अझेता म्हणाली, आणि आईच्या मागं पाण्याला निघून गेली.

तिला मुलगी झाली तेव्हा निरोप टिपोकोला आला. बाळाला बघायला टिपोको एकटीच गेली. परत आल्यावर अंगणात बसून ती सगळ्यांना सांगत होती, पोर कुणासारखी दिसते, नाक कुणाचं. टलाटोनं झोपडीतून सगळं ऐकलं. बायका अजून तिच्याकडे बी मागायला येत होत्या. ती देत होती.