तीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा

आमच्या भांडगावच्या घरी दाराबाहेर लांब ओटा आहे आणि दाराच्या चौकटीवर, मोरपिसाच्या शेजारी, आमच्या वायफायचा पासवर्ड खडूने लिहिलेला होता. लिहून घेतला होता सासूबाईंनी. दुपारी लोक पासवर्ड विचारायला हाका मारतात आणि झोपमोड होते, म्हणून.

त्यांचं म्हणणं असं, की इहिरीचं पाणी कुणाला नाही म्हटलं नाही, मग हे काय सोन्याचं हाय? त्यामुळे सकाळी अकरापासून पार दुपारभर ओट्यावर पाच-सहा माणसं मोबाईल घेऊन बसलेली असत. चुलत सासरे, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, ते कुस्त्यांचे व्हिडिओ बघत. शेजारची जाऊ बहिणीशी तासभर बोलत बसे. मला राग यायचा, पण नाही कोण म्हणणार? पाहुण्याला चहा न विचारणारी सून आणि वायफाय बंद करणारी सून, गावात दोघींचं नाव सारखंच निघतं.

त्या दिवशी साडेबाराला माझी मुलाखत होती. पुण्यातल्या एका कंपनीत घरी बसून दवाखान्यांचे कागद तपासायचं काम. पंधरा दिवसांपूर्वी पहिली मुलाखत झाली तेव्हा समोरच्या बाईंचं चित्र गोठलं, माझा आवाज तुटला, आणि त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे नेटची अडचण दिसते." मी फोन करून गयावया केली तेव्हा एक संधी परत मिळाली. याच्यापुढे मिळणार नाही, हे त्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. मोबाईलचं नेट आमच्या घरात दारापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं.

मुलाखतीचं मी नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनासुद्धा नाही. नोकरी नाही लागली तर वर्षभर येताजाता "काय झालं गं त्याचं?" ऐकावं लागलं असतं. म्हणून मी ठरवलं, गुपचूप पासवर्डच बदलायचा. नेट गेलंय म्हणून सगळे उठून जातील, आणि मी कुणाला नाही म्हटलेलंही नसेल. काम संपलं की जुना पासवर्ड परत घालायचा. मला हा बेत फार हुशारीचा वाटला.

सव्वाअकराला राउटरचं आतलं पान उघडलं. तिथे शिरायचा पासवर्ड वेगळा असतो. तो डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला होता, पण नवऱ्याने पहिल्याच दिवशी बदलला होता. नवरा कुरकुंभच्या केमिकल कारखान्यात. फोन गेटवर जमा, तो हातात येणार जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता.

मी अंदाज बांधले. लग्नाची तारीख घातली. चूक. ती नसणार हे मला खरं तर माहीत असायला हवं होतं. ट्रॅक्टरचा नंबर, शेताचा गट नंबर, त्याचा मोबाईल नंबर, सासूबाईंचं नाव. पाचव्या चुकीला पानावर ओळ आली, की फार वेळा चुकीचा पासवर्ड दिला आहे, दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. लॅपटॉप बाजूला ठेवून मोबाईलवरून उघडलं, तिथेही तीच ओळ. म्हणजे राग लॅपटॉपवर नव्हता, राउटरने दारच लावून घेतलं होतं. बाहेर आप्पांची कुस्ती मात्र जोरात चालू होती. नेट सगळ्यांचं चालू, अडकली ती फक्त घरधनीण.

दहा मिनिटांनी पुन्हा पाच चुका केल्या. या वेळी तीस मिनिटं. धीर धरवेना, म्हणून मधेच एकदा पान उघडून आणखी एक पासवर्ड टाकला, तर उतरत आलेला आकडा परत तीसवर गेला.

केडगावला राहणाऱ्या फायबरवाल्याला फोन लावून सगळं सांगितलं. तो दौंडला खांबावर होता.

"ताई, आधी हात काढा त्याच्यावरनं," तो म्हणाला. "तुमच्या मॉडेलला मधी प्रयत्न केला की टाइम परत पयल्यापासनं. मोबाईलवरचं पानबी बंद करा."

"राउटर बंद करून चालू केला तर?"

"काही डब्यांचं त्यानं सुटतं, काहींचं न्हाई. आन् सुटलं तरी पासवर्ड ठावं हाय का तुम्हाला? परत पाच चुका करणार."

"मागचं बारीक बटण आहे ना, पिनेनं दाबायचं?"

"ते तर दाबूच नका. समदी सेटिंग जाईल, नेटच बंद पडंल. मग मी सांजच्याला येऊन भरणार. हापिसातनं बदलायचं तर तक्रार टाका, उद्यापातूर हुईल." मग म्हणाला, "पर ताई, कोण बसलंय नेटवर ते ठावं हाय ना? मग त्यांनाच सांगा की."

मी फोन ठेवला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कुलूप वीस मिनिटांनी उघडलं असतं, पण किल्ली एक वाजल्याशिवाय नव्हती. वाट बघून काही मिळणार नव्हतं.

ओट्यावर गेले. सासूबाई दारातच लसूण सोलत होत्या.

"आप्पा," मी म्हटलं, "तासभर सगळेजण मोबाईलचं वायफाय बंद ठेवाल का? माझी मुलाखत आहे. नोकरीची. साडेबाराला."

फोनातला पैलवान ओरडत होता. आप्पांनी तो बंद केला.

"मग आधी न्हाई का सांगायचं," ते म्हणाले आणि मोबाईल बंडीच्या खिशात टाकून उठले. "पलीकडच्या घरातबी जोडलंय. त्यांनाबी सांगतो."

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. चित्र एकदाही गोठलं नाही. गोठलं असतं तर बरं, असे दोन प्रश्न मात्र होते.

बाहेर आले तर ओटा रिकामा. सासूबाई एकट्याच बसल्या होत्या.

"मला का बोलली न्हाईस?"

"तुम्हाला आवडतं ना, आई, लोक आलेले. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला?" त्यांनी लसणाची परडी खाली ठेवली. "दोन वरीस झाली, दुपारी डोळ्याला डोळा न्हाई. इहिरीचं पाणी ते लोकांम्होरं बोलायला. मी म्हणलं, नेट सुनंचं हाय, तिला चालतंय, आपण कशाला तोंड वाईट करा."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. दोन वर्षं एका घरात आम्ही दोघी एकमेकींच्या भिडेपायी गप्प बसलो होतो.

चौथ्या दिवशी दुपारी मेल आला. नोकरी लागली होती. नवऱ्याचा फोन गेटवर होता, म्हणून पहिल्यांदा सासूबाईंनाच सांगितलं. त्या उठल्या, पदराने चौकटीवरचा खडू पुसला. तेवढ्यात शेजारची जाऊ मोबाईल घेऊन पायरी चढत होती.

"आत्ता नगं गं," सासूबाई तिला म्हणाल्या. "सांजच्याला ये. सून कामावर हाय."