दोऱ्याची फट

दाजींना लातूरच्या डाळ मिलमध्ये मीच चिकटवलं. नांदेडची सूतगिरणी बंद पडली आणि ते घरी बसले, तेव्हा ताईचा फोन आला. मी शेठजींना शब्द टाकला. मी मिलमध्ये आठ वर्षांपासून फिटर होतो, माझा शब्द चालायचा. पहिले काही महिने ते माझ्याच खोलीवर राहिले, नंतर ताईला आणि लेकरांना घेऊन आले. मला खरंच आनंद झाला होता. तो किती दिवस टिकला, हे आठवायला गेलं की आजही लाज वाटते.

तोवर मिलमधले सगळे पट्टे मी अंगठ्याने तपासायचो. पट्टा मधोमध दाबायचा, किती दबतो ते बघायचं आणि म्हणायचं, "चालू करा." शेठजी मान डोलवायचे. दाजी आले ते खिशात पट्ट्याचा ताण मोजायची पेनासारखी नळी घेऊन. आत स्प्रिंग, वर दोन रबरी रिंगा.

तुरीचं टरफल काढणारा जो मोठा रोल आहे, त्याचे चार व्ही-बेल्ट बदलायचे निघाले. मी नेहमीप्रमाणे पहार घेतली, तर दाजी म्हणाले, "मेव्हणे, पहारीने चढवलं तर आतले दोरे तुटतात. मोटार पुढं घेऊ, पट्टे हाताने बसतील." चूक काहीच नव्हती. पण शेठजी शेजारी उभे होते.

मेन स्विच बंद करून कुलूप लावलं. दाजींनी मोटारच्या बोल्टा ढिल्या करून ती रुळांवर पुढे सरकवली, पट्टे खाचेत ठेवले आणि मोठ्या पुलीच्या तोंडावरून मोटारच्या पुलीपर्यंत दोरा ताणला. दोरा दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, असा चार ठिकाणी टेकला. पुल्या एका रेषेत होत्या. मग त्यांनी पट्ट्याचा मोकळा भाग टेपने मोजला, तो शहाण्णव सेंटिमीटर भरला.

"मीटरला सोळा मिलिमीटर दाबायचं," ते शेठजींना सांगत होते, "म्हणजे इथं पंधरा."

खालची मोठी रिंग त्यांनी पंधरावर ठेवली आणि वरची छोटी शून्यावर. नळी पट्ट्याच्या बरोबर मधोमध उभी धरून, मोठी रिंग शेजारच्या पट्ट्याच्या पाठीला येईपर्यंत दाबली. काढून छोटी रिंग वाचली. "दीड किलो. ढिला हाय." पट्ट्याच्या कंपनीच्या तक्त्यात या पट्ट्याला आणि एवढ्या छोट्या पुलीला दोन ते तीन किलो होतं. पट्टे नवीन, म्हणून ताण वरच्या आकड्याजवळ ठेवायचा. चालून बसले की थोडे सैल पडतातच. दाजींनी बोल्टा आवळून मोटार मागे घेतली, पुली दोन-चार फेरे हाताने फिरवली, पुन्हा दाबून बघितलं. चारही पट्टे पावणेतीन ते तीनच्या दरम्यान आले.

शेठजी माझ्याकडे वळले. "बघितलं का? असं मोजून करायचं असतंय. शिकून घे जरा."

आठ वर्षांत मला कोणी 'शिकून घे' म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते माझ्याच दाजींसमोर.

तेवढ्यात धान्य वर नेणारा एलिव्हेटर अडकल्याचा निरोप आला आणि दाजी तिकडे पळाले. जाताना म्हणाले, "तुम्ही गार्ड लावून चालू करा. उद्या चोवीस तास झाले की ताण परत बघू."

मी पट्ट्यांवर बसवायचा लोखंडी गार्ड उचलला. का कोण जाणे, आधी दोरा लावून बघितला. मोठ्या पुलीच्या दोन्ही कडांना टेकला, मोटारच्या पुलीच्या जवळच्या कडेला टेकला, पण लांबच्या कडेला फट होती. काडेपेटीतल्या दोन काड्या एकावर एक ठेवल्या तर आरामात गेल्या असत्या. ताण देताना एका बाजूची बोल्ट जास्त आवळली गेली होती आणि मोटार तिरपी झाली होती. ताण दिल्यावर रेषा पुन्हा बघायची असते, हे मलाही ठाऊक होतं. वीस मिनिटांचं काम होतं.

मी दोरा गुंडाळून खिशात घातला आणि गार्डच्या चार बोल्टा आवळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ताण बघायची वेळ व्हायच्या आधीच, रोल किंचाळायला लागला. गार्डखाली काळी भुकटी पडली होती. कडेचा पट्टा खाचेत उलटा झालेला, बाकी तिघांच्या कडा एका बाजूने खाल्लेल्या. बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या होत्या आणि मिल थांबली होती.

शेठजी सगळ्यांसमोर बोलले. "काय उपेग तुमच्या त्या नळीचा? ह्याचा अंगठा बरा होता म्हणायचा."

हेच मला ऐकायचं होतं. ऐकलं, आणि छाती खरंच फुगली. तेवढ्यात दाजी म्हणाले, "चूक माझी हाय, शेठजी. ताण दिल्यावर दोरा परत लावायचा असतो. मी न्हाई लावला." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. गार्ड कोणी लावला, हेही सांगितलं नाही.

नंतर मात्र हळूच विचारलं, "मेव्हणे, तुम्ही बघितला होता का दोरा?"

"न्हाई," मी म्हणालो.

एकच खराब झाला असता तरी चारही बदलावे लागतात, कारण जुना आणि नवा एकत्र घातला तर भार सारखा वाटला जात नाही. नवा सेट बाजारातून यायला तास लागणार होता. आम्ही रोलपाशी बसलो. दाजींनी डबा उघडला. ताईने दोघांपुरत्या भाकरी दिल्या होत्या, रोज द्यायची. "खा की," ते म्हणाले, "तुम्हाला बोलणं बसलं न्हाई, मग तोंड कशाला पाडून राहिले?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला.

"दाजी, मी काल दोरा लावला होता," मी म्हणालो. "फट दिसली होती मला."

त्यांनी घास ठेवला. मग विचारलं, "किती होती?"

"दोन काड्यांएवढी."

"आणि गार्ड लावला."

"हाव."

"मोटार जळली असती, बेअरिंग गेलं असतं, कुणाचा हात गेला असता." आवाज चढला नव्हता. "माझ्यावर राग होता तर मला चार शिव्या द्यायच्या होत्या."

पट्टे आले. दोऱ्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. ताणाआधी एकदा, ताणानंतर पुन्हा. चारही ठिकाणी टेकला. नळी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दाबा. तिरपी धरू नका, पट्ट्याला काटकोनात पाहिजे." मी वाचलं, त्यांनी पाटीवर लिहिलं.

त्याच संध्याकाळी मी शेठजींना खरं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही, पण पुढच्या महिन्यात देखभालीची सगळी जबाबदारी दाजींना दिली. ताईला दाजींनी सांगितलं नसावं. डब्यातल्या माझ्या भाकऱ्या काही कमी झाल्या नाहीत. दाजी मात्र वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. दिवाळीला आम्ही सगळे मिळून मुदखेडला त्यांच्या गावच्या घरी गेलो, तेव्हा गाडीत त्यांनी पहिल्यांदा मला सुपारी विचारली.

आता पट्ट्यांचं काम मीच करतो, मोजून. चांगलं करतो. तरी मिलमध्ये काही बिघडलं आणि शेठजींनी आधी त्यांना हाक मारली, की पोटात कुठंतरी टोचतं. मी ते दाजींना सांगितलं सुद्धा. ते म्हणाले, "टोचू द्या. फट दिसली की सांगत जा, बास."