एक घर मागे राहिलेलं लायसन्स

रायपूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी डायरीत यादी केली. वर लिहिलं, ‘पत्ता बदलणे’. खाली: १. लायसन्स, २. गॅस, ३. बँक, ४. आधार, ५. गाडीची एनओसी, ६. विमा, ७. ताईंना फोन (पोचल्याचा).

लायसन्स पहिलं, कारण ते सगळ्यात जास्त रखडलेलं काम होतं. ते मी लग्नाआधी यवतमाळला काढलं होतं आणि त्यावर माहेरचा पत्ता होता. नंतर अठरा वर्षं नागपुरात सासऱ्यांच्या घरी काढली, तरी तो बदलला नव्हता. यादी करणाऱ्या बाईला हे शोभत नाही. आता नवऱ्याची बदली नव्या राज्याच्या राजधानीत झाली होती आणि तिथल्या पुरानी बस्ती नावाच्या भागात आम्ही घर भाड्याने घेतलं होतं. मी ठरवलं, या वेळी पहिल्या महिन्यातच सगळं उरकायचं. प्रत्यक्षात गॅस आणि बँक झाली, पण लायसन्सला हात लागायला सात महिने गेले.

परिवहनच्या संकेतस्थळावर पहिलाच प्रश्न होता: राज्य निवडा. लायसन्स महाराष्ट्राचं, म्हणून मी महाराष्ट्र निवडलं. पुढे दोन वाटा होत्या. कागद घेऊन कार्यालयात जा, किंवा आधारने घरबसल्या करा. मी अर्थातच घरबसल्याची वाट घेतली. मोबाईलवर ओटीपी आला, तो टाकला. पडद्यावर माझं नाव, जन्मतारीख आणि नागपूरचा पत्ता भरून आला. त्या चौकटी राखाडी होत्या, त्यांत काही लिहिता येत नव्हतं. मला वाटलं, ही जुनी माहिती दाखवताहेत, नवा पत्ता पुढच्या पानावर विचारतील. पुढच्या पानावर फी होती. ती भरली. अर्ज क्रमांक आला, तो डायरीत लिहिला आणि एक नंबरच्या कामापुढे बरोबरची खूण केली.

नवा पत्ता मी कुठे लिहिला, हे मला तेव्हाही आठवत नव्हतं. पण काही दिवसांनी अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला, मग कार्ड स्पीड पोस्टाने निघाल्याचा. सरकार मंजूर म्हणतंय, तर कुठेतरी लिहिलाच असेल, असं म्हणून मी रायपूरच्या पोस्टमनची वाट बघू लागले.

कार्ड आलं नाही. फोन आला. ताईंचा.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही नागपूर सोडून आठ महिने झाले होते आणि एवढ्या काळात आमचं एकदाही बोलणं झालेलं नव्हतं. निघताना भांड्यांच्या कपाटावरून शब्दाला शब्द वाढला होता. मूळ गोष्ट भांडी नव्हती, घर होतं. सासरे गेल्यावर ते दोन्ही भावांच्या नावावर लागलं होतं. मोठे दीर, म्हणजे दादा, तिथेच राहणार, आम्हाला तिकडे परतायचं नव्हतं. त्यामुळे माझ्या नवऱ्याने आपणहून हक्कसोडपत्र करून द्यायचं कबूल केलं होतं. रजिस्ट्री महिनाअखेरच्या सोमवारी ठरली होती. एवढं पार पडलं, तर दोन भाऊ भाऊ राहणार होते. दोघांच्याही मनात तेवढंच होतं.

“तुझं लायसन्स आलं इकडे,” ताई म्हणाल्या. “नमस्कार” नाही, काही नाही.

“तिकडे? तिकडे कसं येईल?”

“मले काय विचारतं? पाकीट आलं, सही करून घेतलं. घरी आलं म्हणून फोडलं. नवं कोरं कार्ड आहे आणि पत्ता आमच्या घरचा आहे.”

“ताई, मी रायपूरचा टाकला होता.”

“मंग रायपूरचा काहून नाही आला?”

मी म्हणाले, “मलाच कळत नाहीये.”

“तुले कळत नाही?” ताई हसल्या, पण बरं वाटेल असं हसणं नव्हतं ते. “किराण्याची यादी नंबर टाकून करतं तू. अठरा वर्षं इथं राहिली तेव्हा लायसन्सवर यवतमाळ होतं. घर सोडून गेल्यावर इथला पत्ता चढवला. यांच्या ओळखीचे वकील म्हणत होते, घराचा ताबा दाखवाले असेच कागद कामी पडतात.”

फोन ठेवल्यावर मी खुर्चीवर बसून राहिले. बाहेरच्या माणसाला सांगितलं असतं तर त्यालाही ताईंचंच पटलं असतं. मलाही जवळजवळ पटलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

“तू नेमकं काय केलंस?”

“पत्ता बदलला.”

“कुठला कुठे?”

“यवतमाळचा रायपूर. पण झाला नागपूर.”

“असं कसं होईल? मधलं स्टेशन आहे का ते?” त्याने दादांना फोन लावला. दादा फार बोलले नाहीत. म्हणाले, “सोमवारचं पाहू मग. घाई कशाले?” नवऱ्याने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. दादांना घाई नाही, ही त्या घरात अठरा वर्षांत पहिली वेळ होती.

दुसऱ्या दिवशी मी डायरी आणि अर्जाची प्रत घेऊन कोपऱ्यावरच्या चॉइस सेंटरवर गेले. इकडे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानाला चॉइस सेंटर म्हणतात. तिथले भैया माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर. त्यांनी प्रत वाचली, आधार कार्ड मागितलं, दोन्ही शेजारी ठेवली.

“दीदी, आधार में कहाँ का पता है?”

“नागपूरचा.”

“हव. तो लाइसेंस में नागपुर ही आएगा ना. आधार वाला रास्ता लिए हो, पता वहीं से उठता है. आप लिखते ही नहीं.”

“पण मला रायपूर हवं होतं.”

“रायपुर उसको किसने बताया?”

कोणीच सांगितलं नव्हतं. गॅसवाल्याला मी सांगितलं होतं, बँकेला सांगितलं होतं. ज्याला विचारून बाकीचे पत्ता लिहून घेणार, त्या आधारला सांगायचं काम चौथ्या नंबरवर पडून होतं. त्यामुळे लायसन्स माझ्यामागून निघालं खरं, पण एक घर मागे राहिलं. यवतमाळहून उठलं आणि नागपूरला जाऊन बसलं.

“और राज्य भी गलत लिया,” भैया म्हणाले. “लाइसेंस जहाँ का है वो नहीं, आप जहाँ रहते हो वो. पहले आधार सुधरवा लो, फिर छत्तीसगढ़ चुनकर नया आवेदन डालो. गाड़ी का अलग है, उसमें नागपुर से एनओसी लगेगी. लाइसेंस में एनओसी का झंझट नहीं.”

मी सगळं लिहून घेतलं. भाडेकरारावर माझंही नाव होतं, तो लावून त्याच दुपारी आधारच्या पत्त्याचा अर्ज भरला. पण तो मंजूर व्हायला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता आणि सोमवार पाच दिवसांवर होता. नवं लायसन्स दाखवून खरं ठरण्याएवढा वेळ माझ्याकडे नव्हता. फोनवर समजावायला लागले असते तर ‘आधारमधून पत्ता आपोआप उठतो’ हे वाक्य ताईंना आणखी एक बनाव वाटलं असतं. मला स्वतःलाच ते कालपर्यंत माहीत नव्हतं.

रविवारी आम्ही नागपूरला गेलो, सोमवारचं पक्कं नसताना. डायरी पर्समध्ये घेतली.

ताईंनी चहा केला. माझं लायसन्स त्यांनी फ्रिजवरच्या टोपलीत, विजेच्या बिलांबरोबर ठेवलं होतं. दादा आणि माझा नवरा पुढच्या खोलीत टीव्ही न लावता बसले होते. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर डायरी उघडली.

“हे बघा. आठ महिन्यांपूर्वीचं पान. तारीख बघा. लायसन्स पहिलं, आधार चौथं. लायसन्सवर आधारचाच पत्ता येतो, आणि मी चुकीच्या क्रमाने लिहिलं म्हणून झालं सगळं. मला घर हवं असतं तर एवढ्या नंबरांनी लिहून ठेवलं असतं का?”

ताईंनी डोळ्यांजवळ नेऊन पान वाचलं. पहिला नंबर, दुसरा, तिसरा. चौथ्यावर त्यांचं बोट थोडं थांबलं. मग ते पुढे सरकलं आणि सातव्यावर गेलं.

“हे काय? ‘ताईंना फोन, पोचल्याचा’?”

मी चहाचे कप उचलून सिंकमध्ये ठेवले.

त्यांनी पान उलटलं. पुढच्या महिन्याची यादी. त्यात सगळ्यात खाली पुन्हा तेच. माझी पद्धतच तशी आहे, न झालेलं काम पुढच्या यादीत उतरवायचं. ताई पानं उलटत राहिल्या. पावसाळा झाला, दिवाळी झाली, प्रत्येक यादीच्या शेवटी त्यांचा फोन. कुठे निळ्या शाईने, कुठे पेन्सिलने. खूण एकाही ठिकाणी नव्हती.

“आठ वेळा लिहिलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“हात नाही दुखला?”

आणलेला पुरावा कशाचा होता, याचाच माझा गोंधळ झाला. मी निर्दोष आहे हे दाखवायला गेले आणि समोर भलताच दोष उघडा पडला. मी डायरीतलं पेन काढून म्हणाले, “आता खूण करून टाकते. भेट झालीच आहे.”

“अवं, भेट अन् फोन एक आहे का? समोर बसून खूण नाही होत.” त्यांनी डायरी मिटून माझ्याकडे सरकवली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, “अहो, उद्या किती वाजताचा टाइम दिला त्या लोकांनी?”

दादा म्हणाले, “अकरा.”

सोमवारी अकराला सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाले. ताईंना माझं म्हणणं पटलं की नाही, हे मी विचारलं नाही. कार्यालयातून निघताना त्यांनी लायसन्स माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “घे. चांगला फोटो आहे, घरापेक्षा.” याचा अर्थ काय लावायचा, ते मला आजही नीट ठरवता आलेलं नाही.

रात्री रायपूरच्या घराचं कुलूप काढलं आणि चपला काढायच्या आधी फोन लावला.

“पोचलो, ताई.”

“बरं झालं.” मग त्या म्हणाल्या, “थांब, पेन घेऊ दे. तुमचा तिकडचा पत्ता सांग.”

गॅस, बँक, भैया, आधार. एवढ्यांना पत्ता देऊन झाला होता. ताईंनी तो माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकला. मी घर क्रमांक सांगितला, गल्ली सांगितली, पाऱ्याचं नाव सांगितलं.

“पारा? थर्मामीटरमधला?”

“मोहल्ल्याला म्हणतात इकडे.”

“बरं, लिहिलं.” त्यांनी सगळा पत्ता परत वाचून दाखवला, पिनकोडसकट. एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त केला. “अन् आधारात आधी बदलव,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पुढचं कार्डही माझ्याच घरी यायचं.”