हळदीचं मटण आणि माझ्या सरळ रेघा

आनंदनगरच्या कारखान्यातली स्टोअरची नोकरी वेळेआधी सोडून मी बायकोच्या दुकानात बसायला लागलो, तेव्हा माझी समजूत अशी होती की दुकानाला आता एक अनुभवी माणूस मिळाला. बायकोची समजूत अशी होती की घरी एकट्याने बसून मी तिला दिवसातून दहा फोन करीन, त्यापेक्षा डोळ्यासमोर बरा.

दुकान अंबरनाथ स्टेशनजवळ. झेरॉक्स, टायपिंग, लग्नाचे बायोडेटा, हॉटेलांची मेनूकार्डं. संगणकावर ती. मी स्टेपलर, पंखा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा या खात्यांचा प्रमुख. पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. टायपिंगचं सर्टिफिकेट. मिनिटाला इंग्रजी चाळीस शब्द, मराठी तीस. उल्हासनगरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये खडखडाटात बसून मिळवलेलं. ते मी लॅमिनेट करून काउंटरमागे लावलं. बायको त्याच्यावर अगरबत्तीचा पुडा टेकवून ठेवायची.

तर अशात उल्हासनगरच्या एका मंगल कार्यालयाचे सिंधी शेठ आले. त्यांना बुकिंगचा नवा फॉर्म हवा होता. मॅनेजर समोर पाहुण्यांना बसवून संगणकावरच भरणार, मग छापून सही घेणार. शेठ म्हणाले, "भाभी, ये अच्छा बना तो पावतीबुक, पत्रिका, सगळं तुमच्याकडेच. मला रोज नवा माणूस शोधायला टाइम नाय."

बायको दोन दिवस खुशीत होती. दुकान उघडल्यापासून सुट्या झेरॉक्सवर चाललं होतं, एकही कायमचं गिऱ्हाईक नव्हतं. हे जमलं तर बस्तान बसलं. नेमकी त्याच आठवड्यात तिची मान धरली.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

मी बोटाने सर्टिफिकेट दाखवलं.

टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं. त्यामुळे फॉर्मात भरायला मोकळी जागा सोडायची म्हणजे खालच्या रेघेची कळ टकटक दाबत जायचं; मोजून दाबली की सगळ्या रेघा एका ओळंब्यात. मी संगणकावर तेच केलं. पण तिथे प्रत्येक अक्षर आपल्या अंगाप्रमाणे जागा घेतं, त्यामुळे मोजून मारलेल्या रेघा कुठे लांब, कुठे आखूड. मी हार मानली नाही. इथे एक रेघ वाढव, तिथे एक स्पेस दे, असं करत डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत ठोकत बसलो. बायकोने मान न वळवता, म्हणजे अख्खी वळून, पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंय तर सरळ." फॉर्म शेठना पाठवला.

दुसऱ्याच संध्याकाळी शेठचा फोन. "भाभी, जल्दी आओ. इकडे लग्न मोडायला आलंय."

आम्ही रिक्षाने पोचलो. ऑफिसात जांभूळ गावचं एक आगरी कुटुंब बसलेलं. नवऱ्यामुलाचे वडील, आई, आणि खुर्चीत नीट न मावणारी, नवऱ्यामुलाची आत्या. आत्याच्या हातात छापलेला फॉर्म.

"या फार्मवाल्यांला इचारा," आत्या म्हणाली. "लग्नाच्या दिवशी मटण? भटजी मांडवात उभा ऱ्हाईल का?"

मी कागद घेतला. आगऱ्यांकडे हळदीला मटण, लग्नाला मात्र शाकाहारी. मी एका ओळीत 'हळदीचं जेवण' आणि रेघ, पुढे 'लग्नाचं जेवण' आणि रेघ अशी सोय केली होती. मॅनेजरने कर्सर पहिल्या रेघेच्या शेवटी ठेवला आणि मटण, वजरी, तांदळाची भाकरी असं टाइप केलं. हळदीची रेघ रिकामीच राहिली, मटण बरोबर 'लग्नाचं जेवण'ला जाऊन चिकटलं आणि लग्नाची रेघ ढकलली जाऊन खालच्या ओळीत पडली. भरीत भर म्हणजे आमच्या दुकानातला फॉन्ट त्यांच्या संगणकावर नव्हता. तिथे दुसरा लागला आणि मी डोळ्यांनी जुळवलेल्या उरलेल्या रेघाही दारू प्यायल्यासारख्या झाल्या.

"आम्ही हळदीला काय रिकामी रेघ खायची?" नवऱ्यामुलाच्या वडिलांनी विचारलं.

"सोपं आहे," मी म्हणालो. "जेवढी अक्षरं लिहाल तेवढ्या रेघा पुसायच्या."

मॅनेजरने हात जोडले. "काका, समोर पार्टी बसलेली असते. मी मटण लिहू की रेघा मोजू?"

शेठ घड्याळाकडे बघत म्हणाले, "साईं, मेरा पुराना डीटीपीवाला भी बुरा नहीं था."

बायकोचा चेहरा उतरला. मग तिने मान धरत मला मॅनेजरच्या संगणकासमोरून हटवलं. "सरका." आणि माझ्या सगळ्या रेघा, एकेक करून जुळवलेल्या, झटक्यात पुसून टाकल्या. मला आत कुठेतरी दुखलं.

"अहो, मेनूकार्डावर मिसळ आणि किंमत यांच्यामध्ये ठिपके येतात ना, ते काय मी मोजून देते?" ती म्हणाली. तिने पडद्यावरच्या मोजपट्टीवर उजव्या कडेला टॅबची एक खूण केली, त्या टॅबला ठिपक्यांऐवजी रेघेची सोय लावली. मग 'सही' लिहून टॅब दाबला. रेघ आपणहून कडेपर्यंत धावत गेली. खाली 'वरपित्याचे संपूर्ण नाव', पुन्हा टॅब. शब्द लहान असो की मोठा, दोन्ही रेघा एकाच जागी थांबल्या.

"आता जेवण पण तसंच करा," शेठ म्हणाले.

तिने करून पाहिलं. मॅनेजरने मटण लिहिलं, रेघ तेवढी आखूड झाली, पुढचं हललं नाही. भाकरीपर्यंत निभावलं. आणखी लिहिल्यावर मजकूर खुणेच्या पलीकडे गेला आणि 'लग्नाचं जेवण' पुन्हा पळालं. आत्याने कपाळाला हात लावला.

"थांबा, मावशी," बायको म्हणाली. "सहीला टॅब. जेवणाला खोली बांधावी लागेल." तिने टेबल घातलं. हळदीचा एक खण, लग्नाचा एक खण. रुंदी पक्की केली, मजकूर वाढला तरी खण रुंद होणार नाही अशी. बाकीच्या कडा काढून फक्त खालची ठेवली. दिसायला रेघच. मॅनेजरने लग्नाच्या खणात पुरी, भाजी, जिलेबी लिहून ठेवली.

"लिव रे," आत्याने मॅनेजरला हुकूम सोडला. "मटण. वजरी. भाकरी."

लिहिलं. जागा संपल्यावर मजकूर खणातच खालच्या ओळीत उतरला. शेजारचं लग्न जागच्या जागी.

आत्याचा विश्वास बसेना. "खिमा लिव."

खण खाली वाढला. लग्न हललं नाही.

"सुकट. कोलंबीचं कालवण. वडे लिव. अंडी लिव उकडलेली."

"ताई, पुरे!" नवऱ्यामुलाचे वडील ओरडले.

"तू गप. बघू दे तुटतंय का." आत्या पुढे सरकून पडद्यावर बोट ठेवून बसली. "चिकन सुकं. चिकन रस्सा येगळा."

खण खाली खाली जात राहिला, लग्नाच्या खणात पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी सोवळ्यात बसून राहिली. बायको हसायला लागली आणि मान दुखून "आई गं" करत हसतच राहिली. मॅनेजरने प्रिंट काढली. आत्याने ती लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली आणि नवऱ्यामुलाच्या वडिलांपुढे ठेवली.

"कर सही."

"ताई, ते तर तू तुटतंय का बघायला सांगितलंस ना? कोलंबी, खिमा..."

"लिवलंय ते लिवलंय. आमच्या पोराची हळद हाय, काय गम्मत हाय?"

नवऱ्यामुलाची आई तोंडाला पदर लावून हसत होती. वडिलांनी एकदा फॉर्मकडे, एकदा आत्याकडे बघितलं आणि रेघेवर सही केली.

ते गेल्यावर शेठनी त्या कागदावरचे हळदीचे पदार्थ बोटाने एकेक करून मोजले. मग कपाटातून जुनी पावतीबुकं, भांड्यांच्या याद्या, डेकोरेशनचे फॉर्म काढून बायकोपुढे त्यांचा ढीग केला.

"भाभी, सब ऐसा बना दो," ते म्हणाले. "और जेवणाचा खण थोडा बडा रखो."