वाईट लिहायचं नाही म्हणून

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ती. सगळे तिला काचताई म्हणत. हाताला इतकी पक्की, की तिने बसवलेली काच कधी हलायची नाही. पण त्या सोमवारी तिच्या हातून दोन काचांचे टवके उडाले आणि मालक म्हणाला, "ताई, आज घरी जा."

घरी कशाची जातेय! तिने थेट व्हिसाची कामं करणाऱ्याचं ऑफिस गाठलं. बाबा दोन वर्षांपासून परदेशात धाकट्या भावाकडे होते आणि आता हृदयाची झडप बिघडून हॉस्पिटलात पडले होते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तिने फी भरून घेतली होती, पण ती चार महिन्यांनंतरची. तातडीची तारीख हवी तर वकिलातीला कारण कळवून, डॉक्टरांचं पत्र जोडून विनंती करायची. पत्र भावाने पाठवलंच होतं.

तिने लिहून आणलेला मजकूर व्हिसावाल्याने वाचला. 'वडिलांची तब्येत जरा बरी नसते. भेटावंसं वाटतं.'

"अहो ताई, हा काय शाळेतला रजेचा अर्ज आहे? भेटावंसं तर सगळ्यांनाच वाटतं! डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय, ऑपरेशन जिवावरचं आहे, मुलीने आधी यावं. तेच लिहा ना."

"तसलं नाही लिहायचं हो."

"का?"

का म्हणजे काय! आईच्या शेवटच्या आजारातही त्यांच्या घरी 'बरं आहे, बरं आहे' असंच चाललं होतं. वाईट बोललं की ते खरं होतं, अशी धास्ती. तिला बाबा हवे होते. स्टुलावर बसून, चहा बशीत ओतून, 'काय गं, आज कुणाकुणाला डोळे दिलेस?' असं विचारणारे. फोनवर ते विचारायचे, पण स्क्रीनवर एक तर कपाळ दिसायचं, नाही तर हनुवटी.

व्हिसावाल्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. रडत रडत, एकेक अक्षर शोधत तिने टाइप केलं: 'वडील अत्यवस्थ आहेत. ऑपरेशनमध्ये ते वाचतील याची खात्री नाही.' खाली डॉक्टरांचा फोन नंबर टाकला आणि पाठवून दिलं.

बुधवारी दुपारी विनंती मंजूर झाल्याचा मेल आला. नवी तारीख शुक्रवारची मिळाली. व्हिसा मिळेल की नाही हे मुलाखतीतच ठरणार होतं, पण दार तरी उघडलं. तिने लगेच फोन लावला.

"बाबा, शुक्रवारी बोलावलंय मला!"

"इतक्या लवकर? काय लिहिलंस गं?"

"काही नाही. तुमची तब्येत जरा बरी नाही, एवढंच."

बाबांना धाप लागली होती. थांबत थांबत ते म्हणाले, "मग उगीच कशाला घाई केलीस? ती तारीख कुणा अडलेल्याला दे की. कुणाचं तरी माणूस खरंच जात असेल गं."



"मीच अडलेय, बाबा," ती म्हणाली. "थांबा माझ्यासाठी."