लाभले न म्हणता चौघांची ओळख

"आई, हलू नका. तुम्ही आता साथरोगतज्ज्ञ आहात. आणि हे तुमच्या शेजारी बसलेत ते डासांचे शास्त्रज्ञ."

"मला काय करायचं ते कर, पण लसूण सोलू दे," सासूबाई म्हणाल्या.

"तर आज आपल्याला लाभलेल्या—"

"गेलं! परत लाभल्या!" डासांचा शास्त्रज्ञ झालेला नवरा ओरडला.

घरच्यांना वक्ते करून ही तालीम घेणाऱ्या बाई आरोग्य खात्यात. पत्रकं लिहायची, सभा जमवायच्या आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायची, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत, पण ओळख म्हटली की तोंडाला एकच वळण. गेल्या परिषदेत व्यासपीठावरचे सगळेच्या सगळे त्यांच्या तोंडून 'आपल्याला लाभले' होते. तेव्हापासून कचेरीत त्यांचं नाव पडलं लाभलेल्या बाई. यंदा डेंग्यूच्या सत्राआधी संचालकांनी सांगून टाकलं, "या खेपेला तोच पाढा वाचलात तर माईक प्रसिद्धीवाल्याकडे." प्रसिद्धीवाला तर आतापासूनच घसा साफ करत फिरत होता. आणि बाईंचा जीव त्या माईकात.

"अगं, शेजारणीची ओळख मला रोज करून देतेस," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा कधी म्हणतेस का लाभली? ती काय करते तेवढंच सांगतेस. तेही चवीनं."

बाईंना ते पटलं. त्यांनी चारही वक्त्यांना फोन लावले. पदं, पदव्या तर परिचयपत्रात होत्याच, त्यांनी विचारलं, "कामावर गेल्यावर तुम्ही हातानं नेमकं काय करता?" मग लिहायला बसल्या. एकाची सुरुवात प्रश्नानं, एकीची कामावरून, एकीचं नाव आधी, एकाचं शेवटी. ओळी मात्र सगळ्यांना सारख्या, कारण एकाला चार आणि दुसऱ्याला दीड झाली की दीडवाला जेवताना तोंड फिरवतो. वर हौस म्हणून प्रत्येकाला आधीच्याशी जोडलं. डासांच्या शास्त्रज्ञानंतर पाणीपुरवठ्याचे अभियंते, त्यांची सुरुवात 'आणि हेच डास जिथं वाढतात' अशी. आगगाडीसारखं सगळं एकामागे एक.

सत्राच्या दिवशी इंजिनच आलं नाही. डासांचे शास्त्रज्ञ वाटेत अडकले होते.

"पुढच्यापासून सुरू करा," संचालक पुटपुटले.

बाई माईकपाशी गेल्या. पुढचे म्हणजे अभियंते. 'आणि हेच डास'? कुठले डास? सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मागच्या रांगेत कचेरीतल्या मंडळींनी बाई 'लाभले' म्हणतात की नाही यावर चहाची पैज लावली होती. बाईंच्या तोंडून निसटलं, "आपल्या—"

मागची रांग खुर्चीच्या टोकावर आली. प्रसिद्धीवाला तर अर्धा उठलाच.

"आपल्या... घरी नळाला पाणी कधी येतं?"

"पहाटे!" "येतच नाही!" "आलं की मोटर जळते!" सभागृहच बोलायला लागलं.

"म्हणून आपण पिंपं भरून ठेवतो आणि डास त्यात अंडी घालतात. पाणी रोज आलं तर पिंप लागणार नाही, यासाठी जे झटतात आणि मधल्या काळात आपल्या सगळ्यांच्या शिव्या खातात, ते पाणीपुरवठ्याचे अभियंते हे!"

अभियंते हसत उठले. शिव्यांची अशी जाहीर पोच त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

मग बाईंना चेव चढला. "ताप आला की आपण कपाळाला हात लावतो. साथरोगतज्ज्ञ मॅडम नकाशाला लावतात. कुठल्या गल्लीत किती तापले ते मांडतात आणि फवारणी आधी कुठं हवी ते सांगतात."

पुढचीला आडवळणच नाही. "परिचारिका ताई. यांना दार उघडलं नाही तर खिडकीतून बोलतात. खिडकी लावलीत तर उद्या परत येतात. पिंप रिकामं झाल्याशिवाय सुटका नाही."

तेवढ्यात डासांचे शास्त्रज्ञ धापा टाकत आले आणि शेवटच्या खुर्चीत बसले. त्यांच्यासाठी लिहिलेलं होतं, 'सुरुवातच करूया डासापासून'. तेही आता बुडालं.

"सर, बाही जरा वर घेता का?"

त्यांनी गोंधळून घेतली. हातभर लाल गांधी.

"घाबरू नका, प्रयोगशाळेतले पाळलेले डास आहेत, रोगबिग नाही. पिंजऱ्यात हात घालून सर त्यांना स्वतःचं रक्त पाजतात, वाढवतात, आणि मग कुठलं औषध त्यांना बाधेनासं झालंय ते तपासतात. पोटच्या पोरांचं कुणी इतकं करत नाही!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत अर्ध्यांनी उरलेल्या अर्ध्यांना चहा कबूल केला. प्रसिद्धीवाला फोटो काढायच्या निमित्तानं बाहेर गेला.

चर्चा संपल्यावर संचालक जवळ आले. "छान झालं. दुपारचं सत्रही तुम्हीच घ्या. पाच जण आहेत."

"कोण कोण?"

"पाचही उपसंचालक."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि पाच उपसंचालक शोधायला जेवणाच्या मांडवात शिरल्या. पहिल्याला गाठलं. "सर, कामावर गेल्यावर तुम्ही हातानं नेमकं काय करता?"

"बैठक."

दुसरे म्हणाले, "बैठकच."

बाईंनी खुर्ची ओढली आणि तिसऱ्यांच्या ताटासमोर ठाण मांडलं. "तुम्ही सावकाश जेवा सर. मी विचार करायला वेळ देते."